वीरगळीपुढचं भांडण

*सर, मी सोलापुरात एका शाळेत चित्रकला शिकवते. माझी लहानपणापासूनची मैत्रीण चादरींच्या कारखान्यात डिझाइनचं काम करते. परवा सुट्टीत आम्ही दोघी संग्रहालय पाहायला गेलो. एका झिजलेल्या वीरगळीपुढं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीच्या दगडापुढं, ती म्हणाली, "यात काय बघायचं? सुंदर काहीच नाही. आणि सुंदर नसेल तर त्याला कला कशाला म्हणायचं?" मी म्हणाले, "कलेचं काम सुंदर दिसणं नाही, काहीतरी सांगणं आहे." शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी माझ्या तोंडून गेलं, "तुला चादरीवरच्या फुलांपलीकडं काय कळणार!" ती गप्प झाली. सात रस्त्यापर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. आठवडा झाला, फोन नाही. आमच्यात बरोबर कोण होतं? आणि मी आता काय करू?*

*— एक वाचक, सोलापूर*

फोन आजच करा, आणि फोनवर कलेचा विषय काढू नका. त्या शेवटच्या वाक्याबद्दल माफी मागा, एवढंच. पण माफी मागण्याआधी ते वाक्य कुठं चुकलं हे नीट समजून घ्या, कारण ते नुसतं लागट नव्हतं, खोटंही होतं.

जॅकार्डच्या मागावर फूल काढणं आणि कागदावर फूल काढणं यात फार फरक आहे. तुमची मैत्रीण ते फूल आधी बारीक चौकटीच्या कागदावर, किंवा आता संगणकाच्या पडद्यावर, चौकोनाचौकोनानं उतरवते. प्रत्येक चौकोन म्हणजे एक निर्णय: ताण्याचा उभा धागा इथं वर उचलायचा की खाली ठेवायचा. पूर्वी हे निर्णय पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून मागाला सांगायचे. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. साधन बदललं तरी हिशोब तोच राहिला. पाकळीची गोलाई तिला पायऱ्यापायऱ्यांनी साधावी लागते. रंगाची जागा मोठी ठेवली तर वरचा धागा लांबवर मोकळा सुटतो आणि पुढं कुणाच्या तरी बांगडीत अडकून ओढला जातो, म्हणून तो मधेमधे बांधून घ्यावा लागतो, आणि तो बांधलेला ठिपका डोळ्याला खुपणार नाही हेही बघावं लागतं. शिवाय ते फूल एकटं नसतं. तेच फूल चादरभर पुन्हा पुन्हा येतं. कागदावर देखणं दिसलेलं फूल ओळीनं लागलं की कधी कधी दोन ओळींच्या मधे एक रिकामा पट्टा उभा राहतो, जो कुणीच काढलेला नसतो. दुकानात चादर उलगडली की गिऱ्हाइकाची नजर फुलावर न जाता आधी त्या पट्ट्यावर जाते. आणि आपल्या चादरीला उलटी बाजूही आहे, जिथं तीच नक्षी रंग पालटून येते. एका बाजूला जे फूल, ते दुसऱ्या बाजूला फुलाच्या आकाराची जमीन होतं. दोन्ही बाजूंनी ते उभं राहिलं पाहिजे.

जी बाई रोज हे करते तिच्या तोंडी "सुंदर" हा शब्द हलका नसतो. कुठली मांडणी धरते आणि कुठली कोसळते हे तिला तुमच्या-माझ्याआधी दिसतं. म्हणून तिला त्या वीरगळीत काही दिसलं नाही, याचा अर्थ तिला कळत नाही असा होत नाही. दुसरं काहीतरी आड आलं असणार. त्याकडं शेवटी येतो.

आता वादाकडं. मला वाटतं, तुम्ही दोघी एकच शब्द दोन अर्थांनी वापरत होता. नवरी मुलगी बघून आपण "सुंदर आहे" म्हणतो. गवंड्यानं भिंत ओळंब्यात उचलली, सांधे नेटके भरले, तरी "सुंदर काम केलंस" म्हणतो. भिंत काही नवरीसारखी देखणी नसते. पहिल्या अर्थी सुंदर म्हणजे जे दाखवलंय ते बघायला गोड असणं. दुसऱ्या अर्थी सुंदर म्हणजे जे करायचं होतं ते असं जुळून येणं की त्यातलं काही काढता येत नाही आणि काही घालता येत नाही. पहिल्या अर्थानं कलेचा हेतू सौंदर्य आहे असं म्हणाल तर निम्मी शिल्पं संग्रहालयाबाहेर काढावी लागतील. दुसऱ्या अर्थानं म्हणाल तर प्रश्न जास्त अवघड होतो, आणि माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर मीही एकदा भांडलो आहे. आम्ही दोघं मित्र, दोघंही सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यांतले, दोघंही १९७२च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांचे. सुकडी आणि मिलो खाऊन ते वर्ष काढलेली पोरं आम्ही. पुढं मी मास्तर झालो, तो शेतीतच राहिला. बऱ्याच वर्षांपूर्वी परगावी एका लग्नाला गेलो होतो, दुपार मोकळी होती, म्हणून तिथल्या संग्रहालयात शिरलो. तिथं चामुंडेची मूर्ती होती. खपाटीला गेलेलं पोट, उघड्या पडलेल्या बरगड्या, सुकून लोंबणारे स्तन, खोल गेलेले डोळे, गळ्यात मुंडमाळ, पायाखाली प्रेत, आणि पोटाच्या खड्ड्यात विंचू.

मी म्हणालो, "बघ, काय सुंदर काम आहे."

"सुंदर?" तो म्हणाला. "ही सुंदर?"

"काम म्हणालो मी."

"काम वेगळं आणि ती वेगळी, असं कसं काढणार तू? पोट बघ तिचं. हे पोट मी बघितलंय. आमच्या घरामागं एक म्हातारी राहायची, त्या वर्षी खडी फोडायला जायची, तिचं पोट असंच होतं. तिला कुणी सुंदर म्हणालं असतं तर मी त्याला धोंडा मारला असता."

"मग मूर्ती वाईट आहे म्हणतोस?"

"वाईट कुठं म्हणालो? एवढा वेळ झाला, मी इथनं हललोय का?"

"का नाही हललास?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खरी आहे म्हणून. ज्यानं ही केली त्यानं भूक बघितली असणार."

"भूक फोटोतही असते. पेपरात दुष्काळाचे फोटो यायचे तेव्हा तू पान उलटायचास. मग इथं का थांबलास?"

याला त्याच्याकडं उत्तर नव्हतं, आणि विचारणाऱ्या माझ्याकडंही नव्हतं. आम्ही परत मूर्तीकडं बघत राहिलो. मग त्यालाच दिसलं.

"बरगड्या बघ," तो म्हणाला. "खऱ्या बरगड्या अशा नसतात. या सगळ्या सारख्या अंतरानं, एकीखाली एक, कमानींसारख्या. कमानी संपतात तिथं पोटाचा खड्डा सुरू होतो, आणि खड्ड्याच्या मधोमध तो विंचू. नजर पायऱ्या उतरल्यासारखी तिथंच जाऊन पोचते."

"म्हणजे मांडणी आहे."

"मांडणी आहे. पण मांडणीसाठी मूर्ती नाही केली त्यानं. मूर्तीसाठी मांडणी केली."

इतक्या वर्षांत या प्रश्नावर मी बरंच वाचलं, पण त्या वाक्याच्या फार पुढं गेलेलो नाही.

आपल्याकडं या गोष्टीचा विचार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, आणि त्यांत शृंगार आणि हास्याबरोबर भयानक आहे, बीभत्सही आहे. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. ज्या परंपरेनं किळसेलाही रसाच्या पंगतीत बसवलं, तिला कला म्हणजे गोड विषय असं वाटत नव्हतं हे उघड आहे. पण तितकंच महत्त्वाचं म्हणजे, ही परंपरा नुसत्या किळसेला रस म्हणत नाही. उकिरड्यावर मेलेलं जनावर बघून आपण नाक धरून निघून जातो, ती जुगुप्सा. तीच भावना मंचावर किंवा दगडात अशी बांधलेली असते की आपण निघून न जाता थांबतो, तिच्यापासून हातभर अंतरावर उभं राहून ती पुरती अनुभवतो, तेव्हा तो रस. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात सप्तमातृकांच्या सोबतीला हाडांचे सापळे कोरलेत. मातृकांच्या मांडीवर, कडेवर मुलं आणि बाजूला सापळे. ते बघून कुणी "किती गोड" म्हणत नाही, पण तिथून चटकन पायही निघत नाही.

म्हणजे मैत्रिणीच्या पहिल्या वाक्याला चामुंडा हे उत्तर आहे. देखणेपण हा कलेचा हेतू नाही. पण तुमच्या वाक्यालाही चामुंडाच उत्तर आहे. "काहीतरी सांगणं" हाच हेतू असता तर "दुष्काळात माणसं उपाशी मेली" एवढं लिहून भागलं असतं. माझा मित्र त्या ओळीपुढं थांबला नसता.

आता तुमची वीरगळ. ती कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण आपल्या भागातल्या बहुतेक वीरगळींची घडण सारखी असते, म्हणून तिचं वाचन सांगतो. उभी शिळा, तिच्यावर आडवे तीन किंवा चार कप्पे, मधे साध्या पट्ट्या. वाचायला सुरुवात तळातून करायची, वरून नाही. संग्रहालयात बहुतेक जण इथंच चुकतात. पुस्तकाच्या सवयीनं वरून खाली येतात आणि गोष्ट उलटी होते. तळाच्या कप्प्यात वीर लढत असतो किंवा मरून आडवा पडलेला असतो. शेजारी गाई असतील तर समजायचं की गावची गुरं पळवणाऱ्यांशी लढताना तो गेला. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळींवर तर गाईंच्या जागी जहाजं आहेत, कारण ती लढाई पाण्यावरची होती. मधल्या कप्प्यात दोन्ही बाजूंना अप्सरा आणि त्यांच्या मधे वीर, त्याला त्या वर घेऊन चालल्यात. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. माथ्यावर कलश, चंद्र आणि सूर्य. चंद्रसूर्य असेतोवर याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर अक्षर नसतं. नाव नाही, साल नाही. कर्नाटकात लेख असलेल्या वीरगळी पुष्कळ सापडतात, आपल्याकडं कमी. त्यामुळं इथल्या पाथरवटाला सगळं आकृतीतूनच बोलावं लागलं. आणि तो कसा बोलला ते बघा. तळाचा कप्पा गर्दीचा असतो: तिरपी शस्त्रं, एकमेकांत घुसलेले पाय, जनावरं. वीर इतरांपेक्षा मोठा काढलेला, कारण गोष्ट त्याची आहे. मधला कप्पा एकदम तोलाचा: मधे एक, दोन्हीकडं एकेक. वरचा कप्पा जवळजवळ रिकामा: एक बसलेला माणूस, एक लिंग, आणि मधे थोडी शांत जागा. दंगल, तोल, शांतता. बा. सी. मर्ढेकर कलाकृतीतलं सौंदर्य लयीत शोधत, आणि त्या लयीचे संवाद, विरोध, समतोल असे प्रकार सांगत. एखाद्या खेड्यातल्या पाथरवटानं हे शब्द ऐकलेले नव्हते, पण विरोधाकडून समतोलाकडं त्यानं डोळ्याला हाताला धरून चढवत नेलं. तुम्ही वीराचं नाव न कळताही त्याच्याबरोबर तीन कप्पे चढता.

सगळ्याच वीरगळींत हे साधत नाही, हेही सांगितलं पाहिजे. कित्येक वीरगळी केवळ रीत म्हणून केलेल्या आहेत. तिन्ही कप्प्यांत सारखीच गर्दी, सारख्याच उंचीच्या बाहुल्या, अप्सरा आणि शत्रू यांच्यात फक्त हातातल्या वस्तूचा फरक. सांगायची गोष्ट तीच, पण डोळा कुठंच चढत नाही. अशा दोन शिळा शेजारी उभ्या केल्या तर "सांगणं" दोन्हींत सारखं भरेल आणि तरी एक जवळची वाटेल, दुसरी नाही. तो फरक काय आहे हे सांगायला तुम्हाला मैत्रिणीचा शब्द उसना घ्यावा लागेल. मी तरी तोच वापरतो.

यात संग्रहालयाचाही वाटा आहे. गावात वीरगळ मारुतीच्या देवळामागं किंवा वेशीजवळ असते. कुणी तिला शेंदूर लावतं, कुणी तेल घालतं, नवं जोडपं पाया पडायला येतं. शेंदराच्या थरांखाली कोरीवकाम बुजून जातं आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण तिथं ती बघायची वस्तू नाही, ज्याचं देणं लागतो अशा माणसाची जागा आहे. तीच शिळा धुऊन, चौथऱ्यावर ठेवून, शेजारी पाटी लावली की तिचं मूळ काम संपतं आणि उरतो तो आकार. मग समोर उभं राहणाऱ्याला पहिला प्रश्न सुचतो तो "सुंदर आहे का?" हाच. तुमच्या मैत्रिणीनं तो विचारला यात तिचा दोष नाही, ती जागाच तसं विचारायला लावते. चित्र, शिल्प, संगीत, काव्य यांची एक जात मानून तिला ललितकला म्हणायची कल्पनाही तशी अलीकडची आहे. फ्रान्समध्ये बात्यो नावाच्या विचारवंतानं १७४६मध्ये या सगळ्यांना एका तत्त्वात बसवणारं पुस्तक लिहिलं, आणि त्याच शतकात, १७९३मध्ये, पॅरिसचं लूव्र लोकांसाठी संग्रहालय म्हणून उघडलं. आपल्याकडच्या चौसष्ट कलांच्या यादीत गाणं आहे, चित्र आहे, आणि त्यांच्याच शेजारी स्वयंपाक, हार गुंफणं, बिछाना रचणं हेही आहे. त्या यादीत तुमच्या मैत्रिणीची चादर कुणाला उपरी वाटली नसती.

आणि तुमचं भांडणही नवं नाही. शुक्रनीतीत मूर्ती कशी असावी याची चर्चा आहे. तिथं म्हटलंय की शास्त्रात सांगितलेल्या मापानं जी घडली तीच रम्य, दुसरी नाही. आणि लगेच पुढं दुसऱ्या बाजूचं मतही नोंदवलंय: काहींच्या मते ज्याचं मन जिथं जडेल ते त्याला रम्य. ग्रंथकार स्वतः मापाच्या बाजूनं उभा राहतो. पण मला यात लक्षात घेण्यासारखं वाटतं ते दुसरंच. माप देवाच्या मूर्तीला होतं, कारण ती पूजेला लागणार होती. म्हणजे तिथं "रम्य" या शब्दाचा अर्थच मुळी "आपल्या कामाला योग्य" असा होता. सौंदर्य आणि उपयोग हे दोन वेगळे पक्ष आहेत, हे भांडण त्या कारागिराला आपण समजावून सांगू शकलो नसतो.

आता तुमची बाजू जिथं मोडते ती जागा. सकाळी दारात काढलेली ठिपक्यांची रांगोळी काय सांगते? तासभर चाललेला आलाप काय सांगतो? काहीच नाही, आणि त्यांना कलेतून वगळायची माझी तयारी नाही. तिथं आकार जुळून येणं हेच सगळं आहे. चादरीवरच्या नक्षीचंही तसंच. ऊब सूत देतं, नक्षी नाही. नक्षी केवळ डोळ्यासाठी आहे, आणि तुमच्या मैत्रिणीचं पोट त्या "केवळ"वर चालतं. ती म्हणते की कलेचा हेतू सौंदर्य, तेव्हा ती आपल्या कामाबद्दल अगदी खरं बोलते. चूक एवढीच की तिनं आपल्या मागाचं खरं वीरगळीला लावलं, आणि तुम्ही वीरगळीचं खरं तिच्या मागाला. माझं मत विचाराल तर "कलेचा हेतू" असं एकवचनी काही नाही. चामुंडा भीतीसाठी, वीरगळ आठवणीसाठी, नक्षी डोळ्याच्या सुखासाठी. ज्याचं काम जे असेल ते पुरतं पार पडलं की दुसऱ्या अर्थाचं सौंदर्य त्यात येतंच, कधी हेतू म्हणून, कधी हेतूच्या मागून.

एका ठिकाणी मात्र मला हे मत पुरत नाही. वीरगळींच्या जवळपास कधी कधी सतीशिळा असते. कोपरात दुमडून वर उचललेला बाईचा हात, हातभर बांगड्या, वर चंद्रसूर्य. एवढ्याशा जागेत इतक्या थोड्या रेषांनी इतकं सांगणारं शिल्प दुर्मीळ आहे. मांडणीत काढायला-घालायला काही नाही. आणि जे तिथं गौरवलंय ते म्हणजे एका जिवंत बाईचं जळणं. मी तिथं "सुंदर" हा शब्द उच्चारू शकत नाही, गवंड्याच्या भिंतीच्या अर्थानंसुद्धा नाही. माझा मित्र चामुंडेपुढं जसा अडला तसा मी तिथं अडतो. तुम्ही दोघी पुन्हा बोलायला लागलात की यावर जरूर भांडा. हा वाद भांडण्यालायक आहे.

फोननंतर, ती तयार असेल तर, त्याच शिळेपुढं पुन्हा जा. सोबत एक साधी बॅटरी घ्या आणि ती वापरायची परवानगी आधी तिथल्या माणसाकडं मागा. शिळा झिजलेली होती असं तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं मैत्रिणीच्या आड हीच गोष्ट आली. झिजलेल्या दगडावर समोरून किंवा वरून सपाट उजेड पडला की उठाव सगळा मिटतो आणि एक काळपट फळी उरते. कुठल्याही डिझाइनरला त्यात मांडणी दिसणार नाही, कारण तेव्हा ती तिथं दिसतच नसते. बॅटरी शिळेला न टेकवता, अगदी कडेला, दगडाच्या सपाटीला जवळजवळ समांतर धरा. उजेड तिरपा घासत गेला की अर्धा दोरा उंचीचा उठावसुद्धा सावली टाकतो आणि पुसलेली बोटं, तलवारीची धार, अप्सरेच्या हाताचं वळण परत वर येतं. गावातल्या उघड्यावरच्या वीरगळी सकाळी लवकर किंवा सूर्य उतरताना बघाव्यात, त्याचं कारणही हेच.

बॅटरी तुम्ही धरा, बघू तिला द्या. कप्प्यांचा अर्थ आधी सांगू नका. तळाच्या गर्दीतून वरच्या मोकळ्या जागेपर्यंत उजेड सावकाश चढवत न्या आणि तिला एवढंच विचारा, की तिच्या ग्राफवर ही नक्षी आली असती तर वरचा तो रिकामा चौकोन तिनं भरला असता की तसाच ठेवला असता.